हॅशटॅग आणि युजरनेममध्ये इमोजी: कुठे चालतो, कुठे अडतो आणि शोधावर काय परिणाम होतो?

एकच हॅशटॅग इन्स्टाग्रामवर नीट दिसतो आणि एक्सवर टाकला की अर्धाच निळा होतो, असे अनेकांच्या लक्षात आले असेल. हॅशटॅगमध्ये इमोजी असेल, तर बहुतेक वेळा कारण तोच असतो. प्रत्येक प्लॅटफॉर्म इमोजीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कोणी त्याला अक्षराच्या पंक्तीला बसवतो, तर कोणी त्याला विरामचिन्हासारखे बाहेर ठेवतो.

युजरनेममध्ये इमोजी का चालत नाही?

युजरनेम म्हणजे @ नंतर येणारे नाव. ते प्रोफाइलच्या लिंकचा भाग असते आणि कोणाला टॅग करताना तेच टाइप करावे लागते. म्हणून इन्स्टाग्रामवर युजरनेममध्ये फक्त इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब आणि अंडरस्कोर चालतात. मर्यादा ३० चिन्हांची. एक्सवर टिंबही चालत नाही आणि मर्यादा १५ चिन्हांची आहे. इमोजीला दोन्हीकडे प्रवेश नाही.

मग अनेकांच्या नावापुढे फुले, तारे, झेंडे दिसतात ते कसे? ते युजरनेम नसून डिस्प्ले नेम असते, म्हणजे प्रोफाइलवर दिसणारे नाव. तिथे इमोजी चालतो आणि देवनागरीही चालते. एक्सवर या नावाची मर्यादा ५० चिन्हांची आहे. इन्स्टाग्रामवर हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येते, त्यामुळे रोज नवा इमोजी लावून पाहण्याची सोय तिथे नाही.

हॅशटॅगमध्ये काय होते?

इन्स्टाग्रामने एप्रिल २०१५ मध्ये हॅशटॅगमध्ये इमोजी वापरण्याची सोय दिली. तिथे नुसत्या इमोजीचाही हॅशटॅग होतो. मात्र सगळेच इमोजी शोधता येतील असे नाही. ही सोय आल्यावर काही दिवसांतच वांग्याच्या इमोजीचा हॅशटॅग शोधातून बंद करण्यात आला होता, कारण त्याचा वापर अश्लील अर्थाने होत होता.

एक्सवर मात्र अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांचाच हॅशटॅग बनतो. इमोजी आला की हॅशटॅग तिथेच संपतो. काही मोठ्या कार्यक्रमांच्या हॅशटॅगपुढे एक्सवर छोटे चित्र दिसते. ते चित्र प्लॅटफॉर्म स्वतः जोडतो, लिहिणाऱ्याने टाइप केलेले नसते.

एक उदाहरण

समजा, घरगुती मोदक विकणाऱ्या एखाद्या ताईंनी गणपतीच्या दिवसांत #उकडीचेमोदक🌺 असा हॅशटॅग दिला.

एक्सवर लिंक #उकडीचेमोदक एवढ्याचीच होईल आणि फूल साधा मजकूर म्हणून बाहेर राहील. यात नुकसान काही नाही. पण फूल आधी टाकून #🌺उकडीचेमोदक असे लिहिले, तर # नंतर लगेच इमोजी आल्यामुळे हॅशटॅगच तयार होणार नाही. फूल मध्ये टाकून #उकडीचे🌺मोदक केले, तर लिंक फक्त #उकडीचे या शब्दाची होईल आणि मोदक शोधणाऱ्याला त्या हॅशटॅगचा उपयोग नाही.

इन्स्टाग्रामवर अडचण उलटी आहे. तिथे #उकडीचेमोदक🌺 हा पूर्ण हॅशटॅग बनतो, पण तो #उकडीचेमोदक पेक्षा वेगळा असतो. साधा हॅशटॅग उघडणाऱ्याला या वेगळ्या हॅशटॅगची पोस्ट त्या पानावर दिसत नाही. म्हणजे एका फुलामुळे पोस्ट गर्दीच्या बाजारातून उठून रिकाम्या गल्लीत जाते. दोन्ही ठिकाणी चालणारा उपाय म्हणजे जागा सोडणे: #उकडीचेमोदक 🌺

सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले

इमोजी हे चित्र वाटले तरी संगणकासाठी तो युनिकोडमधील संकेतांक असतो, आणि कधी कधी अनेक संकेतांकांची साखळी. लाल बदाम हा U+2764 या एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा त्यापुढे U+FE0F हा न दिसणारा संकेतांक जोडूनही. 👍 आणि 👍🏽 यांतही त्वचेच्या रंगाचा एक संकेतांक जास्त असतो. त्यामुळे फक्त इमोजीच्या भरवशावर एखाद्या मोहिमेचा हॅशटॅग ठरवला, तर प्रत्येकाच्या कीबोर्डवरून नेमकी तीच साखळी येईल याची खात्री नसते.

नावात इमोजी कुठे ठेवावा?

शोधणारा माणूस अक्षरे टाइप करतो. म्हणून "मोदक 🌺 घर" किंवा "मो🌺दक" यापेक्षा "मोदक घर, पुणे 🌺" हे नाव सोयीचे. सलग शब्द आधी, इमोजी शेवटी. शिवाय दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचे वर्णन मोठ्याने वाचतात. पाच फुले असतील तर नावाआधी पाच फुलांची नावे ऐकावी लागतात.

पोस्ट टाकल्यावर तपासणी सोपी आहे. हॅशटॅगचा रंग कुठपर्यंत बदलला ते पाहावे आणि त्यावर एकदा दाबावे. उघडलेल्या पानाच्या शीर्षकात पूर्ण शब्द नसेल, किंवा पानावर आपलीच एक पोस्ट दिसत असेल, तर इमोजी बाहेर काढून पोस्ट दुरुस्त करावी.