लग्नाचा वाढदिवस : आठवण सांगावी, तपशील राखावा

आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवशी फेसबुक किंवा व्हॉट्सअॅपवर छायाचित्रासह चार ओळी लिहिण्याची पद्धत आता घरोघरी रुळली आहे. मात्र, या मजकुराचे नायक-नायिका आई-वडील असतात आणि त्यांना तो बहुधा इतरांच्या अभिनंदनाच्या फोनवरूनच कळतो.

एक उदाहरण घेऊ. चाळिसाव्या वाढदिवसासाठी मुलाने पुढील मजकूर तयार केला : ‘धंदा बुडाला तेव्हा आईने मंगळसूत्र गहाण ठेवले आणि बाबा पुन्हा उभे राहिले.’ प्रसंग खरा, आईलाही त्याचा अभिमान. वडिलांच्या मनात मात्र तो अजून सलतो. म्हणून मजकूर दोघांना स्वतंत्रपणे वाचून दाखवावा. एकत्र विचारल्यास एक जण दुसऱ्यासाठी मान डोलावतो. नकार नेहमी शब्दांत येतो असे नाही; ‘बघ, तुला योग्य वाटेल ते कर’ हे उत्तरही बहुधा नकारच असते.

मुलाने प्रसंग बदलला. नवा मजकूर असा : ‘लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात घर गळत होते. बाबा रात्रभर पातेली बदलत राहिले. पहाटे आईने त्यातलेच एक घासून चहा ठेवला. पाऊस आला की आजही चहा आईच ठेवते आणि छताकडे आधी बाबाच पाहतात.’ यात प्रेम आहे, अडचणही आहे. पण कोणाची मान खाली जात नाही.

तपशिलांचे तसेच. आईचे माहेरचे आडनाव बँका ओळख पटविण्यासाठी विचारत आल्या आहेत. लग्नाची पूर्ण तारीख अनेकांचा पासवर्ड किंवा पिन असते. जुनी लग्नपत्रिका छापल्यास ही दोन्ही माहिती पत्त्यासह एकाच कागदावर मिळते. ‘चाळीस वर्षे’ एवढा उल्लेख पुरतो. शुभेच्छा त्याच दिवशी दिल्या तर दिवस आणि महिना कळतोच. त्यामुळे लग्नाच्या तारखेवर बेतलेला पिन आधीच बदलून घ्यावा.

छायाचित्र मोठे करून पाहावे. दारावरची पाटी, सोसायटीचे नाव, गाडीचा क्रमांक, टेबलावरच्या औषधांच्या पट्ट्या दिसत असल्यास कडा कापाव्यात. मोबाइलमध्ये स्थळाची नोंद सुरू असेल, तर ती छायाचित्राच्या फाइलमध्येही साठते. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती तशीच पुढे जाते. दोघे सहलीला गेले असतील, तर छायाचित्र ते परतल्यावरच टाकावे.

छायाचित्राखालची ओळही याच बेताची हवी. ‘नाशिकच्या घरी, डावीकडून आई (६४) व बाबा (६८)’ याऐवजी ‘चहा झाला, पाऊस अजून सुरू आहे’ असे लिहावे. घरच्यांना नावे ठाऊक असतात आणि परक्यांना ती कळण्याचे कारण नाही.