दुसऱ्याकडचं तिकीट ऑनलाइन घेताय? पैसे पाठवण्याआधी साइट अशी तपासा

मोठी मॅच किंवा कॉन्सर्ट असली की तिकिटं तासाभरात संपतात. मग गुगलवर शोधलं की तीच तिकिटं भलत्याच एखाद्या साइटवर दुप्पट-चौपट दराने दिसतात. आपल्या भागातल्या माणसासाठी यात धोका जरा जास्तच आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्यांची मॅच असते बेंगळुरूला, पुण्याला नाहीतर मुंबईला. तिकीट गेटवर चाललं नाही तर तिकिटाचे पैसे जातातच, शिवाय गाडीभाडं, लॉजचं भाडं आणि घेतलेली रजाही वाया जाते. पैसे परत देण्याची हमी देणारी रीसेल साइटसुद्धा फार तर तिकिटाचे पैसे देते, बसचे नाही.

लिस्टिंग म्हणजे तिकीट नव्हे

तिकीट विकणारे दोन प्रकारचे असतात. एक मूळ विक्रेता, म्हणजे आयोजकाने किंवा संघाने नेमलेली साइट. दुसरी रीसेल साइट. तिच्याकडे स्वतःचं एकही तिकीट नसतं. कोणीतरी अनोळखी माणूस तिथे 'माझ्याकडे तिकीट आहे' असं टाकतो आणि साइट त्यावर आपलं कमिशन लावून ते दाखवते. त्या माणसाच्या हातात तिकीट खरंच आहे का, हे तुम्हाला स्क्रीनवरून कळत नाही.

कोल्डप्लेच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला त्यांचे कार्यक्रम झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर सुरू झाली. मूळ दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. तिकिटं बघता बघता संपली आणि वियागोगो, गिग्सबर्ग या रीसेल साइटवर लाखांतले दर झळकू लागले. या दोन्ही साइटशी आपला काही संबंध नाही असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रारही दिली. पुढे ऑक्टोबरमध्ये कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून ईडीने अनेक शहरांत छापे घातले.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की रीसेलवरची बरीच लिस्टिंग 'आधी विकू, मग तिकीट शोधू' या हिशोबाने टाकलेली असतात. विकणारा तुमच्याकडून चढा दर घेतो आणि नंतर कुठून स्वस्तात मिळतंय का ते बघतो. मिळालं तर तुम्हाला पाठवतो, नाही मिळालं तर हात वर करतो. ही लिस्टिंग ओळखायला सोपी असतात. मूळ विक्री सुरू व्हायच्या आधीच तिकीट दिसत असेल तर ते अजून जगात आलेलंच नाही, हे उघड आहे. स्टँड दिलाय पण रांग आणि सीट नंबर नाही, हीसुद्धा तशीच खूण.

'ऑफिशियल' या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. ऑस्ट्रेलियात वियागोगोवर याच कारणाने खटला झाला होता. गुगलच्या जाहिरातीत आपण अधिकृत साइट असल्याचा भास निर्माण करणं, फक्त आपल्या साइटवर उरलेली तिकिटं मोजून 'थोडीच शिल्लक' असं दाखवणं आणि सुमारे २७.६ टक्के बुकिंग फी सुरुवातीच्या दरात न सांगणं, यावर तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला दोषी धरलं आणि २०२० मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. म्हणजे साइट खरी आणि जगभर चालणारी असली तरी तिथे दिसणारं प्रत्येक वाक्य खरं असेलच असं नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर 'प्रायोजित' म्हणून येणारा दुवा ही पैसे देऊन घेतलेली जागा असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मूळ विक्रेता कोण हे शोधायचं तर गुगलवर नको. संघाच्या, क्रिकेट मंडळाच्या किंवा कलाकाराच्या स्वतःच्या साइटवर जा आणि तिथल्या तिकिटाच्या बटणावरून पुढे जा. पत्ताही नीट वाचा. उदाहरणार्थ `bookmyshow.com` च्या आधी दुसरं अक्षर, आडवी किंवा तिरकी रेघ चिकटलेली नसेल आणि नंतर लगेच तिरकी रेघ `/` आली किंवा पत्ता तिथेच संपला तर ठीक. `.com` नंतर टिंब किंवा आडवी रेघ येऊन पुढे आणखी शब्द असतील तर ती साइट दुसऱ्याच कुणाची आहे. साइट कधी नोंदवली ते `lookup.icann.org` वर पत्ता टाकून बघता येतं. 'दहा वर्षांपासून सेवेत' म्हणणारी साइट तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेली निघाली तर पुढे बोलायलाच नको.

स्क्रीनशॉट कितीही जणांना विकता येतो

खरी मेख क्यूआर कोडमध्ये आहे. मोबाइल तिकिटावरचा कोड गेटवर स्कॅन झाला की सिस्टीममध्ये तो 'वापरला' म्हणून नोंदला जातो. तोच कोड घेऊन दुसरा माणूस आला तर त्याला बाहेरच थांबावं लागतं. त्यामुळे विकणाऱ्याकडे एक खरं तिकीट असलं तरी तो त्याचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ दहा जणांना विकू शकतो. त्या दहांपैकी जो आधी गेटवर पोहोचेल तो आत जाईल. तुमच्याकडचा कोड खराच असतो, म्हणून तो पाहून फसवणूक कळतच नाही. विकणाऱ्याने तिकिटाचा व्हिडिओ पाठवला, आधार कार्डाचा फोटो पाठवला, तरी या मुद्द्यात काही फरक पडत नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: तिकीट मूळ ॲपमधून माझ्या खात्यात येणार आहे का? 'ट्रान्सफर' याचा खरा अर्थ असा की विकणाऱ्याच्या खात्यातलं तिकीट निघून जातं आणि तुमच्या मोबाइल नंबरवर तुमच्या ॲपमध्ये नवं दिसतं. झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये तिकिटं परत विकण्याची सोय जाहीर केली, तीही अशीच होती. विकणाऱ्याचं जुनं तिकीट रद्द होतं आणि घेणाऱ्याला नवीन मिळतं. अशी सोय त्या कार्यक्रमासाठी मूळ विक्रेत्याकडे असेल तर तोच सुरक्षित रस्ता. नसेल, आणि अटींमध्ये 'तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही' असं लिहिलं असेल, तर रीसेल साइटची कसलीही गॅरंटी गेटवर कामाची नाही. आयोजक असं तिकीट रद्द करू शकतो.

कागदी तिकिटाचं गणित वेगळं. २०२३ च्या वर्ल्डकपला मोबाइल तिकीट चालत नव्हतं, छापील तिकीट हातात लागायचं. अहमदाबादच्या भारत-पाकिस्तान मॅचआधी तिथल्या पोलिसांनी बनावट तिकिटं छापणाऱ्या टोळीला पकडलं. एक खरं तिकीट स्कॅन करून त्यावरून रंगीत प्रती काढल्या होत्या. फोटोत अशी प्रत आणि खरं तिकीट यांत फरक दिसत नाही. वडोदऱ्याच्या वाचकांना ही बातमी आठवत असेल. शिवाय कागदी तिकीट काउंटरवरून घ्यायचं असेल तर बुकिंग ज्याच्या नावावर त्याचं ओळखपत्र मागितलं जातं. अशा वेळी विकणाऱ्याकडे नुसता बुकिंगचा मेसेज असतो आणि तो मेसेज घेऊन तुम्हाला कोणी तिकीट देणार नाही.

एक उदाहरण

समजा, बेळगावच्या एका वाचकाला बेंगळुरूच्या मॅचची दोन तिकिटं हवी आहेत. मूळ दर एका तिकिटाला ३,३०० रुपये. एका रीसेल साइटवर तीच ५,५०० ला दिसतात. तो दोन निवडून पुढे जातो तेव्हा शेवटच्या पानावर ११,००० ऐवजी १३,७५० आकडा येतो, कारण २५ टक्के फी तिथे जोडली गेली. इथे थांबून त्याने साइटवर तीन गोष्टी शोधायच्या: सीट नंबर आहे का, तिकीट कोणत्या ॲपमधून कधी येणार, आणि तिकीट चाललं नाही तर पैसे कोण, किती दिवसांत देणार. मोठ्या रीसेल साइट विकणाऱ्याला पैसे सहसा कार्यक्रम झाल्यावर देतात, म्हणजे मधल्या काळात पैसे साइटकडे राहतात. ही व्यवस्था नसेल तर ती साइट म्हणजे नुसता जाहिरातीचा फलक.

आता साइटवरून त्याला व्हॉट्सॲप नंबर मिळतो. पलीकडचा म्हणतो, 'साइटची फी कशाला भरता? मला थेट ४,००० प्रमाणे यूपीआय करा.' दर कमी वाटतो, पण पैसे साइटकडे राहण्याचं संरक्षण इथे संपलं. यूपीआयचा पिन टाकण्याआधी ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव स्क्रीनवर येतं. बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव वेगळं आणि खात्यावरचं वेगळं असेल तर तिथेच बाहेर पडायचं. पुढची पायरी ठरलेली असते. आधी 'टोकन' म्हणून दोन हजार, मग 'नाव बदलायची फी, परत मिळेल', मग जीएसटी. खऱ्या ट्रान्सफरमध्ये अशी एकेक फी मागून निघत नाही. आणि 'पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हटलं तर एक गोष्ट पक्की: पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही.

साइटवरच पैसे भरायचे ठरले तर क्रेडिट कार्ड बरं. तिकीट मिळालंच नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. बँक मान्य करेलच असं नाही, पण मागायला जागा आहे. यूपीआयने स्वतःहून अनोळखी माणसाला पाठवलेले पैसे परत मिळवणं फारच अवघड.

पैसे गेलेच तर

लगेच, शक्यतो पहिल्या तासाभरात, १९३० वर फोन करा. हा नंबर सगळ्या राज्यांत चालतो. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार गेली तर बँका ती रक्कम गोठवू शकतात. पैसे कापल्याचा यूटीआर नंबर, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर होते. चॅट डिलीट करू नका आणि लिस्टिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट आधी काढा, कारण ते पान सगळ्यात आधी गायब होतं.

सीमाभागात एक प्रश्न हमखास येतो: विकणारा महाराष्ट्रात, मॅच कर्नाटकात, मग फिर्याद कुठे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. तुमच्या जवळच्या ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' असं सांगून परत पाठवलं तर या कलमाचा उल्लेख करून नोंद घ्यायला सांगा, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मागून घ्या.