दोन टक्के वटाव

व्यापारी बिलाच्या तळाशी कधी कधी एक छोटी ओळ छापलेली असते : '२/१०, नेट ३०'. प्रथमच पाहणाऱ्याला ती एखाद्या औषधाची मात्रा वाटेल. अर्थ मात्र सरळ आहे. बिलाच्या तारखेपासून दहा दिवसांत पैसे दिलेत तर शेकडा दोन कापून घ्या. ते जमत नसेल तर तीस दिवसांच्या आत पुरी रक्कम द्या. आपल्या बाजारात या कापलेल्या दोन रुपयांना वटाव म्हणतात. चेक वटतो, हुंडी वटवतात, त्याच कुळातला हा शब्द. बी. ए. झाल्यावर काही वर्षे मी मालेगावात सुताच्या एका दुकानात खतावणी लिहिली. कविता तेव्हाही लिहीत होतो. पण रोजची गाठ पडे ती या वटावाशी.

ही ओळ अशा रूपात रूढ झाली ती अमेरिकेत, आणि तिच्यामागे एक युद्ध आहे. त्याआधी तिथल्या खेड्यातला दुकानदार वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाला जाई. पुढच्या हंगामाचा माल एकदम उचली आणि सहा-सहा महिन्यांच्या, कधी त्याहूनही लांब मुदतीच्या वचनचिठ्ठीवर सही करून घरी परते. शेतकऱ्याचे पीक विकले की दुकानदाराची उधारी वसूल होई, आणि मग शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे चुकते होत. एवढ्या लांबच्या, न पाहिलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? १८३७ च्या मंदीत रेशमाचा धंदा बुडालेल्या लुइस टॅपनने या प्रश्नाचाच धंदा केला. १८४१ मध्ये त्याने न्यूयॉर्कात एक कचेरी काढली. गावोगावच्या दुकानदारांची पत कशी आहे, याची माहिती गोळा करून ती वर्गणीदारांना विकायची, हे तिचे काम.

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. (तिच्यामुळे अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि मुंबईचे कापूसवाले रातोरात श्रीमंत झाले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. ही तिचीच दुसरी बाजू.) युद्धाचा खर्च भागवण्यासाठी फेब्रुवारी १८६२ मध्ये उत्तरेच्या सरकारने सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा काढल्या. पाठीच्या हिरव्या रंगावरून लोक त्यांना 'ग्रीनबॅक' म्हणू लागले. १८६४ च्या जुलैत तर सोन्याच्या एका डॉलरला असे अडीचाहून जास्त कागदी डॉलर मोजावे लागत. आता घाऊक व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आज शंभर डॉलरचा माल दिला, तर सहा महिन्यांनी हातात येणाऱ्या शंभराची किंमत काय असेल? कोणालाच सांगता येईना. व्यापाऱ्यांनी मुदती झपाट्याने कमी केल्या आणि रोख देणाऱ्याला सूट देऊ केली. युद्ध संपले, १८७९ च्या १ जानेवारीपासून नोटांच्या बदल्यात पुन्हा सोने मिळू लागले. पण जुन्या मुदती काही परत आल्या नाहीत. रेल्वे आणि तारायंत्रामुळे दुकानदार आता थोडा थोडा माल वारंवार मागवू शकत होता. सहा महिन्यांच्या उधारीची गरजच उरली नव्हती.

दोन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटते. हिशेब करून पाहा. एक लाखाचे बिल आहे. दहाव्या दिवशी दिलेत तर ९८ हजार लागतात, तिसाव्या दिवशी एक लाख. म्हणजे ९८ हजार रुपये वीस दिवस जास्त वापरण्यासाठी तुम्ही दोन हजार मोजता. हाच दर वर्षाला लावला तर तो ३७ टक्क्यांवर जातो. त्यापेक्षा बँकेकडून बारा टक्क्यांनी ९८ हजार वीस दिवसांसाठी उचलले, तर व्याज साडेसहाशेच्या आत बसते. कर्ज काढून वटाव घेतला तरी साडेतेराशे रुपये खिशात राहतात. म्हणून जाणता खरेदीदार एक तर दहाव्या दिवशी देतो, नाही तर तिसाव्या. मधल्या दिवशी पैसे देणारा माणूस वटावही गमावतो आणि मुदतही. उलट, वटाव मिळत असूनही एखादे गिऱ्हाईक तो घेईनासे झाले, तर बँक त्याला दारात उभे करीत नसावी, असे आमचे शेठ ओळखत. पुढचा माल पाठवताना ते हात आखडता घेत.

कागदावर हे इतके सोपे असते. पैसे प्रत्यक्ष आले की जुळवाजुळव सुरू होते. एक उदाहरण घेऊ. सूतवाल्याने एका मागवाल्याला ३ जूनला एक लाखाचे बिल केले आणि १० जूनला दुसरे पन्नास हजारांचे. दोन्हींवर तीच अट. पहिल्या मालातले दहा हजारांचे सूत खराब निघाले, ते परत गेले. मग एके दिवशी सूतवाल्याच्या खात्यात १,३७,२०० रुपये जमा होतात. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आता ही रक्कम कशाची? वहीत दीड लाख येणे दिसते, तूट १२,८०० ची. नवखा कारकून एवढी रक्कम ठोकळ्याने जुन्या बिलावर जमा करतो, उरलेली दुसऱ्यावर टाकतो आणि १२,८०० बाकी दाखवून मोकळा होतो. महिन्याभराने गिऱ्हाइकाला तगाद्याचे पत्र जाते आणि भांडण सुरू होते.

जाणता मुनीम आधी परतीच्या मालाची नोंद शोधतो. दहा हजार तिथे मिटले. पहिल्या बिलाचे राहिले नव्वद हजार. वटाव या नव्वद हजारांवरच, मूळ लाखावर नाही; जो माल तुम्ही ठेवलाच नाही, त्यावर सूट कसली? म्हणजे वटाव १,८०० आणि येणे ८८,२००. दुसऱ्या बिलावर वटाव एक हजार, येणे ४९,०००. दोहोंची बेरीज बरोबर १,३७,२००. तुटीचे तीन तुकडे पडले : दहा हजार परतीचे, अठराशे आणि हजार वटावाचे. प्रत्येकाला त्याचे खाते मिळाले आणि दोन्ही बिले बंद झाली.

आता आणखी एक गोष्ट पाहायची : तारीख. पैसे १२ जूनला आले असतील, तर सगळे ठीक. ते १५ जूनला आले असतील, तर दुसऱ्या बिलाची वटावाची मुदत २० जूनपर्यंत आहे, पण पहिल्याची १३ जूनलाच संपली. तिथले अठराशे गिऱ्हाइकाने हक्क नसताना कापले. हे अठराशे वटावाच्या खात्यात न टाकता पहिल्या बिलासमोर उघडे ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला तेवढ्याबद्दलच लिहायचे. दोन दिवसांसाठी जुने गिऱ्हाईक दुखवायचे की नाही, हा निर्णय शेठचा; मुनीमाचा नाही. पण शेठला तो निर्णय घेता यावा, म्हणून ते अठराशे वहीत दिसले पाहिजेत.

आणि पंधरा तारीख कोणती? चेकवर लिहिलेली, टपालाच्या शिक्क्याची, पेढीवर पोचल्याची की बँकेत वटल्याची? दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल हातात पडल्यापासून? चेकच्या काळात या चार तारखांमध्ये सहज आठवडा जाई. मी पाहिलेली निम्मी भांडणे पैशाची नव्हती, तारखेचीच होती. आता पैसे क्षणात पोचतात, तेव्हा हा वाद मंदावला. पण एक नवा आला : वटाव करासकट रकमेवर धरायचा की मालाच्या मूळ किमतीवर? बिलावर हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने बेरीज करतात आणि दर महिन्याला थोडी थोडी बाकी साचत जाते.

खरेदीदाराच्या वहीतही एक गंमत आहे. बहुतेक जण बिल पुऱ्या रकमेने लिहितात आणि वटाव मिळाला की तो लाभ म्हणून दाखवतात. काही जण मात्र बिल पहिल्यापासून ९८ हजारांचेच लिहितात. दहा दिवस हुकले की वरचे दोन हजार 'हुकलेला वटाव' म्हणून खर्चात पडतात. रक्कम तीच, पण पहिल्या पद्धतीत घेतलेला वटाव दिसतो, दुसरीत गमावलेला. टेबलावर कागद कोणी अडवून ठेवला, हे मालकाला दुसरी वही सांगते. मला विचाराल तर ही दुसरीच प्रामाणिक.

लवकर दे, थोडे सोडतो, हा सौदा अमेरिकेच्याही पुष्कळ आधीचा आहे. इस्लामी धर्मशास्त्रात त्याला नावच आहे, 'कमी कर आणि लवकर घे' अशा अर्थाचे. मुदतीआधी देणाऱ्याला कर्जातला काही भाग सोडणे इब्न अब्बास यांना मान्य होते. इब्न उमर यांना ते पसंत नव्हते, आणि इमाम मालिक यांनी आठव्या शतकात त्यावर कडक आक्षेप घेतला. मुदत वाढवून जास्त घेणे जर व्याज, तर मुदत घटवून कमी घेणे ही त्याचीच उलटी बाजू, असा त्यांचा युक्तिवाद. ३७ टक्क्यांचा वरचा हिशेब आठवला की या युक्तिवादाची धार कळते. १९९२ मध्ये जेद्दाह इथे भरलेल्या फिक्ह अकादमीने निर्णय दिला : अशी सूट चालेल, पण ती आधी ठरलेली नसावी आणि व्यवहार धनको-ऋणको या दोघांतच असावा, तिसरा पैसेवाला मध्ये नसावा. हुंडी वटवणे आणि बिलावरचा वटाव यांतला फरक यात नेमका पकडला आहे. पण आधी ठरलेली नसावी, या अटीत आपली '२/१०' ची छापील ओळ अडकते, हेही खरे. आमच्या गावातले काही जुने व्यापारी बिलावर अट छापतच नसत. पैसे लवकर आले की आपखुशीने सोडत.

वटाव हे विकणाऱ्याने दाखवलेले आमिष आहे. विकणारा लहान आणि घेणारा मोठा असला, की त्याचे टोक फिरते. कोरे कापड विकणाऱ्या एका मागवाल्याचे खाते मी लिहीत असे. त्याचा शहरातला खरेदीदार पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे पाठवी आणि दोन टक्के मात्र न चुकता कापी. मागवाला बोलत नसे. बोलला असता तर पुढची गाठ दुसऱ्याकडून उचलली गेली असती. संसदेने २००६ मध्ये सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी जो कायदा केला, तो आमिषाऐवजी दंडाची भाषा बोलतो. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवायचे नाहीत. थकवले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. पण ते मागायला त्या मागवाल्यालाच दार ठोठवावे लागते. आणि मागायचे म्हटले तरी कोणत्या बिलाचे पैसे कोणत्या तारखेला आले, हे त्याच्या वहीत बिलवार लिहिलेले हवे. ठोकळ जमा केलेल्या रकमेवर उशीर दाखवता येत नाही.

त्याच्या वहीत ते लिहिलेले होते. दर वेळी हक्क नसताना कापलेले दोन टक्के मी वेगळे उघडे ठेवी. दिवाळीच्या आधी वही बंद करताना त्यांची बेरीज त्याला वाचून दाखवी. तो ती ऐकून घेई, मान हलवी आणि सगळी रक्कम कसर-वटाव खाती टाकायला सांगे.