युरियाच्या गोणीची कुळकथा

कृषी सेवा केंद्राच्या दारात दोन थप्प्या असतात. एक युरियाची आणि एक डीएपीची. युरियाची गोणी ४५ किलोची, कर धरून साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीची गोणी ५० किलोची, तिची किंमत १,३५० रुपये. ‘बाजारातील विकृती’ हा धडा शिकवताना मी व्याख्येपासून सुरुवात करत नाही. या दोन गोण्यांचा हिशेब मी मुलांना फळ्यावर मांडायला लावतो.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे एका गोणीत २०.७ किलो नत्र, आणि किलोला दर पडतो सुमारे १३ रुपये. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. गोणीतल्या ९ किलो नत्राचे, याच दराने, ११६ रुपये वजा केले की उरलेले १,२३४ रुपये २३ किलो स्फुरदाचे होतात. किलोला सुमारे ५४ रुपये. शेतकऱ्याला नत्रापेक्षा स्फुरद चौपट महाग पडते. पण हे अंतर मूळ खर्चातून आलेले नाही. ते सरकारी निर्णयांतून, एकेक टप्प्याने, तयार झाले आहे.

किंमत हा एक निरोप असतो. वस्तू बनवायला किती खर्च आला, ती किती दुर्मीळ आहे, हे ती गिऱ्हाइकाला सांगते. हा निरोप वाटेत बदलला आणि त्यामुळे माणसे एरवी घेतली नसती अशी निवड करू लागली, की अर्थशास्त्र त्याला विकृती म्हणते. युरियाच्या गोणीवरचा निरोप पहिल्यांदा बदलला तो १९७७ साली.

त्याआधी १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले होते आणि त्यांच्यामागून खतांचेही. गहू-भाताच्या नव्या वाणांना खत हवेच होते, पण शेतकरी हात आखडता घेऊ लागला. सरकारने एस. एस. मराठे यांच्या अध्यक्षतेखाली खतांच्या किमतींसाठी समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९७७ पासून नत्रयुक्त खतांना धारण-किंमत योजना लागू झाली. प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च वेगळा काढायचा, त्यात भांडवलावर करोत्तर १२ टक्के परतावा मिळवायचा आणि ती झाली त्या कारखान्याची धारण-किंमत. शेतकऱ्याला मात्र देशभर एकच, कमी दर. मधला फरक सरकार कारखान्याला देणार.

त्या काळाची गरज या योजनेने भागवली. कारखाने उभे राहिले, धान्य वाढले. पण त्यात दोन निरोप एकदम बुजले. ज्याचा खर्च जास्त, त्याची भरपाईही जास्त, म्हणून खर्च कमी करण्याची कारखान्याची ओढ मंदावली. आणि खत बनवायला खरोखर किती पैसे लागतात, हे शेतकऱ्याला कळेनासे झाले.

तरीही पुढची काही वर्षे विकृती मर्यादित होती, कारण स्फुरद आणि पालाशही याच छत्राखाली आले होते. तिन्ही स्वस्त असली तर त्यांचे आपसातले नाते फारसे बिघडत नाही. ते बिघडले १९९२ मध्ये. अनुदानाचा बोजा तिजोरीला पेलेना, तेव्हा २५ ऑगस्ट १९९२ पासून स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणमुक्त केली गेली. त्यांचे भाव एकदम चढले. युरिया नियंत्रणातच राहिला, उलट त्याची किंमत दहा टक्के उतरवली गेली.

परिणाम एका वर्षात दिसला. देशात वापरलेल्या नत्र, स्फुरद आणि पालाशाचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते १९९२-९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झाले. संदर्भासाठी ४ : २ : १ हे प्रमाण सांगितले जाते. ते काही प्रत्येक पिकाला आणि प्रत्येक जमिनीला लागू नाही, पण नऊ-दहाला एक हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. हाच प्रयोग २०१० मध्ये पुन्हा झाला. पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, इतर खतांच्या किमती मोकळ्या झाल्या, युरिया पुन्हा बाहेर ठेवला गेला. २००९-१० मधले ४.३ : २ : १ हे प्रमाण २०१२-१३ पर्यंत ८.२ : ३.२ : १ वर गेले.

विद्यार्थ्यांनी पकडून ठेवायचा मुद्दा हाच आहे. विकृती नुसत्या स्वस्ताईने होत नाही, ती किमतींच्या आपसातल्या प्रमाणात असते. दोन्ही वेळा सरकारने अनुदान कमी केले आणि दोन्ही वेळा विकृती वाढली, कारण कपात एकाच बाजूने झाली होती.

शेतात ती ओळखू येते. युरिया फेकला की चार-पाच दिवसांत पीक काळेभोर हिरवे होते, आणि तो रंग पाहून शेतकऱ्याला समाधान वाटते. पालाशाचे काम असे डोळ्यांना दिसत नाही. ते दाणा भरताना, ताटाला ताकद देताना चालते. नत्र जास्त झालेले ताट मऊ राहते, मावा-तुडतुड्यांना ते आवडते, वाऱ्यात पीक लोळते. मग खताच्या गोणीवर वाचलेले पैसे फवारणीत जातात. विकृतीच्या खुणा शेताबाहेरही आहेत. स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी वळवला जातो. ते अवघड व्हावे, हे २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुलिंबाचा लेप सक्तीचा करण्यामागचे एक कारण होते. दुकानात युरियाबरोबर नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतात, त्याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात. ठरलेल्या दरात माल पुरत नाही, तेव्हा खरी किंमत अशा आडवाटेने वसूल होते.

आता व्यापाराच्या नियमांकडे वळू. जागतिक व्यापार संघटनेचा शेतीविषयक करार १९९५ पासून लागू आहे, आणि विकृती हा त्याचा पायाच आहे. व्यापारात अजिबात किंवा अगदी किरकोळ विकृती आणणारी मदत हिरव्या पेटीत जाते, ती हवी तेवढी देता येते. उत्पादनाला थेट ढकलणारी मदत पिवळ्या पेटीत जाते आणि तिला मर्यादा आहे. निविष्ठांवरचे अनुदान स्वभावाने पिवळ्या पेटीतले. पण कराराच्या ६.२ कलमात विकसनशील देशांना सूट आहे: कमी उत्पन्नाच्या किंवा साधनहीन शेतकऱ्यांना सर्रास मिळणारे निविष्ठा-अनुदान मर्यादेत मोजायचे नाही. ‘साधनहीन’ कोण, याची व्याख्या करारात नाही. भारत दहा हेक्टरांपर्यंतचे खातेदार त्यात धरतो, आणि ते ९९ टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणून खताचे अनुदान २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले, तरी ते या करारात अडकले नाही.

मुले इथे विचारतात: मग सूट मिळाली म्हणजे विकृती नाही, असे ना? नाही. कराराचा प्रश्न एवढाच आहे की या मदतीने दुसऱ्या देशाच्या व्यापाऱ्याचे नुकसान होते का, आणि गरीब शेतकऱ्यासाठी ते सोसावे का. आपल्या मातीतले प्रमाण बिघडले का, हे तो विचारत नाही. तो हिशेब आपला आपणच करायचा आहे.

त्यावर उपाय सुचवला जातो तोही हिरव्या पेटीतला: युरियाचा दर हळूहळू वाढवा, तेवढेच पैसे एकरी हिशेबाने शेतकऱ्याच्या हातात द्या आणि कुठले खत घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्या. निरोप दुरुस्त होतो आणि मदतही थांबत नाही. पण रोख रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाने जाते. खंडाने जमीन कसणाऱ्याचे नाव तिथे नसते. आज दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवून तोही स्वस्त गोणी उचलतो. उद्या दर त्याला पूर्ण द्यावा लागेल आणि पैसे मालकाच्या खात्यात पडतील. गोणीची किंमत सुधारण्याआधी कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे लागेल. १९९२ आणि २०१० मध्ये एक बाजू सुटली होती. या वेळी सुटण्याचा धोका आहे तो याच माणसाचा.