खोडदची दुर्बीण आणि घड्याळाची थरथर

हा भाग मी बुलढाण्यात बसून रेकॉर्ड करतोय. तुम्ही ऐकताय तो आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला गेलाय. ठोके देणारं घड्याळ प्रत्येक वेळी किंचित मागेपुढे होतं, त्याला जिटर म्हणतात. आवाजात त्याचा फारसा त्रास होत नाही. पण नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीत, तो मुद्दा होतो.

गणित सरळ आहे. लहर जिथे सर्वांत तीव्र चढते, तिथे क्षणभर उशिरा मोजलं तर आकडा चुकतो. वारंवारता जास्त, तर चढ जास्त, आणि चूकही जास्त:

```
SNR = -20 log10(2π f t)
```

इथे `f` म्हणजे मोजायच्या लहरीची वारंवारता, घड्याळाची नव्हे. `t` म्हणजे सरासरी थरथर. उदाहरणापुरती ती १ पिकोसेकंद धरू, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढी.

गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ३० ॲंटेना आहेत. मूळ रचनेत सिग्नल खाली उतरवून १६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मोजायचे. तिथे जिटरची मर्यादा ८० डेसिबल येते, म्हणजे चिंताच नाही. गेल्या दशकात दुर्बीण सुधारली आणि पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा झाला. आता मर्यादा ५२ डेसिबल. ८ बिटच्या मोजणीची आदर्श मर्यादा जवळपास ५० आहे. दोन्ही गोंगाट मिळून हाती उरतात साधारण ४८.

आणि १,४०० मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली न उतरवता थेट मोजला असता तर? ४१ डेसिबल. म्हणजे ८ पैकी जेमतेम साडेसहा बिट कामाचे. खाली उतरवण्याचं हे एकमेव कारण नव्हतं, पण फायदा उघड आहे. अर्थात फुकट काही मिळत नाही. खाली उतरवणारा ऑसिलेटर थरथरला, तर तोच दोष आत येतो.

आता कुणी म्हणेल, आकाशातला सिग्नल तर स्वतःच गोंगाटासारखा, त्याला ५० डेसिबल हवेत कशाला? माझ्या मते खरी अडचण जमिनीवरच्या आणि उपग्रहांच्या सिग्नलची आहे. १,२०० मेगाहर्ट्झच्या आसपास जीपीएससारखे उपग्रह बोलत असतात. जोरदार सिग्नल आला की जिटर त्याची ताकद आजूबाजूला पसरवतो आणि शेजारची मंद रेषा त्याखाली बुडते. नंतर गाळणी लावून ती परत येत नाही.

दोष घड्याळाचाच आहे हे कसं ओळखायचं? एक शुद्ध सूर द्या आणि त्याची ताकद १० डेसिबलनं कमी करा. गोंगाटही १० नं उतरला तर घड्याळ किंवा ऑसिलेटर बघा. तसाच राहिला तर तो मोजणीचा किंवा ॲम्प्लिफायरचा आहे. मग ताकद तीच ठेवून सुराची वारंवारता दुप्पट करा. गोंगाट ६ डेसिबलनं वाढला, तर संशय मोजणीच्या घड्याळावरच पक्का होतो.