घरोघरी शिकवणी घेणाऱ्यांनी दोन घरांमधला वेळ कसा धरावा?

डी.एड., बी.एड. झालेली किंवा पदवीला असलेली बरीच मुलंमुली गावात राहून मुलांच्या घरी जाऊन शिकवणी घेतात. शिकवण्यात कमी नसते, तरी दोन-तीन महिन्यांत पालकांची एकच तक्रार सुरू होते, ती म्हणजे 'मॅडम वेळेवर येत नाहीत.' बहुतेक वेळा दोष मॅडमचा नसतो, कागदावरच्या वेळापत्रकाचा असतो. दोन घरांमधला वेळ धरताना फक्त रस्ता धरला जातो, आणि रस्ता हा त्या वेळेचा निम्माच भाग असतो.

ऊसपट्ट्यातल्या एका ताईचं उदाहरण घेऊ. तिच्याकडे स्कूटी आहे आणि चार घरं आहेत. पहिलं घर तिच्याच गावठाणात, आठवीचा मुलगा. दुसरं घर गावापासून ४ किलोमीटरवर मळ्यातल्या वस्तीवर, चौथी आणि सहावीची भावंडं. त्यातला शेवटचा १ किलोमीटर मातीचा रस्ता. तिसरं घर शेजारच्या गावात, वस्तीपासून ५ किलोमीटर, दहावीची मुलगी. चौथं त्याच गावात एसटी स्टँडजवळ, पाचवीचा मुलगा. या भागातल्या शाळा पावणेपाचला सुटतात.

कागदावरचं वेळापत्रक

तिने सुरुवातीला असं लिहिलं होतं:

- ५:०० ते ६:०० गावठाण
- ६:१० ते ७:१० वस्ती
- ७:२० ते ८:२० दहावी
- ८:३० ते ९:३० पाचवी

मोबाईलच्या नकाशात पाहून तिने मधले दहा-दहा मिनिटं ठेवले होते. नकाशा वस्तीपर्यंत ९ मिनिटं दाखवत होता, तिथून शेजारच्या गावापर्यंत १० आणि गावातल्या गावात २. हिशेब बरोबर दिसत होता. पण रोज चौथ्या घरी पोचायला नऊ वाजायचे. पाचवीचं पोरगं जेवून पेंगायला लागलेलं असायचं आणि आई दारातच सांगायची, 'आज राहू द्या मॅडम, झोपलाय तो.' महिन्याअखेरीला त्या घरून फी कापून आली.

वहीत चार वेळा लिहायच्या

नकाशा रस्त्याचा वेळ सांगतो. दुचाकीचं चिन्ह निवडलं तरी तो एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचाच वेळ असतो, आणि मातीच्या रस्त्यावर तोही अंदाजच. शिकवणीला लागणारा वेळ वेगळा आहे. एका घरी शिकवणं थांबल्यापासून दुसऱ्या घरी पुस्तक उघडेपर्यंत जे काही होतं, ते सगळं त्यात येतं.

तो मोजायला आठवडाभर वहीत चार वेळा लिहायच्या: शिकवणं थांबलं, गाडी सुरू झाली, पुढच्या घरी गाडी लावली, पुस्तक उघडलं. मोबाईलचं घड्याळ पाहून लगेच लिहायच्या. रात्री आठवून लिहिल्या तर नेहमी कमीच लिहिल्या जातात.

ताईच्या वहीत गावठाण ते वस्ती असं निघालं. उद्याचा अभ्यास लिहून देणं, आईशी दोन शब्द आणि चपला घालणं यात ५ मिनिटं गेली. रस्त्याला १२ लागली, कारण मातीच्या तुकड्यावर गाडी दुसऱ्या गियरच्या वेगानेच चालते. वस्तीवर पोचल्यावर मुलांना गोठ्यातून हाक मारणं, हातपाय धुणं, सतरंजी अंथरणं यात आणखी ५. एकूण २२ मिनिटं.

वस्ती ते दहावीच्या घरी २४ मिनिटं निघाली, कारण मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो आणि तिथे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. गावातल्या गावात रस्ता २ नाही तर ४ मिनिटांचा, पण निघणं आणि बसणं धरून १३. म्हणजे कागदावर तिन्ही मिळून ३० मिनिटं होती आणि प्रत्यक्षात ५९ लागत होती. चौथ्या घरी रोज २९ मिनिटं उशीर व्हायचा तो इथून. तो एका जागी होत नव्हता, घरागणिक साचत होता. म्हणून पहिल्या घरच्यांना मॅडम वेळेवर वाटायच्या आणि शेवटच्यांना कधीच नाही.

मोजलेल्या दिवसांत सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा धरू नये. नेहमीच्या दिवसाचा धरावा आणि तो पुढच्या पाच किंवा दहाच्या घरात न्यावा. १३ चे १५ धरावेत. २४ चे २५ न धरता ३० धरावेत, कारण त्या वाटेत ट्रॉल्या आहेत.

क्रम बदलला की वेळ सापडतो

वेळ वाढवला तर दिवस रात्री दहाच्या पुढे जाईल, ही भीती खरी आहे. उपाय घरांच्या क्रमात आहे. कोणत्या घराला कोणती वेळ चालतच नाही, हे आधी पाहायचं.

गावठाणातला आठवीचा मुलगा सकाळी मोकळा असतो. त्याच्या घरी धारा काढून दूध डेअरीला गेलं की साडेसातला घर शांत होतं. ते घर सकाळी गेलं. वस्तीचं घर उजेडातच उरकलं पाहिजे. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या मातीच्या वाटेने अंधारात एकटीने यायचं नाही, हे घरच्यांनीही बजावलं होतं. ते घर संध्याकाळी पहिलं झालं. पाचवीच्या मुलाला आठनंतर झोप येते, म्हणून तो दुसरा. दहावीची मुलगी एसटीने सहाला घरी येते आणि रात्री साडेनऊपर्यंत सहज बसते, म्हणून ती शेवटी. तसं पाहिलं तर जुन्या कागदावर पाचवीच्या लहान मुलाला सगळ्यात उशिराची वेळ मिळाली होती.

नवं वेळापत्रक असं झालं:

- सकाळी ७:३० ते ८:३० गावठाण
- ५:१५ ते ६:१५ वस्ती
- ६:४५ ते ७:४५ पाचवी
- ८:०० ते ९:०० दहावी

चार घरं आणि चार तास तेच राहिले. पूर्वी शेवटचा तास खरं तर दहाला संपत होता, आता नऊला संपतो. शेजारच्या गावातून घरी यायला १५ मिनिटं लागतात, म्हणजे साडेनऊच्या आत ती घरी असते. वस्तीवरून निघताना डिसेंबरातही वाट दिसेल एवढा उजेड असतो.

बाजार, गळीत आणि पाऊस

एकच वेळापत्रक बारा महिने चालत नाही. गुरुवारी शेजारच्या गावात आठवडी बाजार असतो. त्या दिवशी वस्ती ते पाचवीचं घर या वाटेला ३५ मिनिटं लागतात. ताईने त्या घरी आधीच सांगून गुरुवारची वेळ ६:५५ केली आणि दहावीची ८:१०. सांगितलेला उशीर पालक मनावर घेत नाहीत, न सांगितलेला घेतात.

ऊस गाळपाच्या महिन्यांत ट्रॉल्यांमुळे वेळ लागतो, गळीत संपलं की वाट मोकळी होते. म्हणून मोजणी त्या त्या हंगामात पुन्हा करायची. उन्हाळ्यात मोजलेला आकडा डिसेंबरात कामाचा नाही.

पावसाळ्यात खरी अडचण वस्तीची. काळ्या मातीत स्कूटीचं चाक गुंतून बसतं. गाडी पक्क्या रस्त्यावर लावून १ किलोमीटर चिखलातून चालायला पंधरा मिनिटं लागतात, आणि परतताना तेवढीच. त्या दिवसांत वस्तीनंतर ३० मिनिटं पुरत नाहीत, ४५ लागतात. ताईने वेगळी वाट काढली. वस्तीवरच्या मुलांच्या चुलत्यांचं घर पक्क्या रस्त्याला लागून आहे. जुलै ते सप्टेंबर मुलं तिथे येऊन बसतात. अशी जागा नसेल तर पावसाळ्यात त्या घरचे वार कमी करून तास मोठा घ्यावा, म्हणजे चिखलातली फेरी कमी होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपार मोकळी राहते. ती नव्या शिकवणीने भरू नये. आठवड्यात बुडालेला तास भरून काढायला तीच जागा असते.

निघायला उशीर का होतो

रस्त्यावरचा वेळ आपल्या हातात नसतो, निघतानाचा असतो. शिकवणं वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी थांबवून वही तपासावी आणि उद्याचा अभ्यास लिहून द्यावा. मुलाच्या प्रगतीबद्दल पालकांशी बोलायला एक ठरलेला दिवस ठेवावा, रोज दारात बोलणं सुरू झालं की दहा मिनिटं कुठे जातात कळत नाही. चहाला नाही म्हणणं अवघड जातं. शेवटच्या घरी घ्यावा, तिथून पुढे कोणी वाट पाहत नसतं. निघताना पुढच्या घरी 'निघाले' एवढा मेसेज टाकावा, म्हणजे पोरांचे हातपाय धुऊन होतात आणि ती पाच मिनिटं वाचतात. गाडीवर असताना फोन घेऊ नये.

वेळापत्रक जमलं का, हे कसं ओळखावं

दोन आठवडे फक्त शेवटच्या घरी पुस्तक उघडल्याची वेळ लिहावी. आठवड्यात एखाद्या दिवशी उशीर झाला तर चालतं. दोन-तीन दिवस दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर मधला कुठला तरी वेळ कमी धरलाय. मग चार वेळांची वही पुन्हा काढून तो शोधावा. पहिल्याच घरी उशीर होत असेल तर कारण वेगळं असतं, मूल शाळेतून पोचलेलं नसतं. तिथे सुरुवातच पुढे ढकलावी.

पाचव्या घराचं बोलावणं आलं की आधी वाट पाहावी, फी नंतर. घर शेजारच्या गावात असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या बाजूच्या मळ्यात असेल तर जाण्यायेण्याला तासभर जातो, त्यात पेट्रोल वेगळं. ताईची आत्ताची फेरी रोज साधारण १८ किलोमीटरची आहे. महिन्याला २४ दिवस आणि लिटरला ४५ किलोमीटर धरले तर साडेनऊ लिटरच्या वर पेट्रोल जातं. लिटरला १०५ रुपये धरले तर हजार रुपये. फी ठरवताना हे हजार रुपये आणि रस्त्यावरचा दीड तास दोन्ही धरावेत. ते जमत नसेल तर पाचवं घर न घेतलेलं बरं, नाहीतर त्याचा उशीर आधीच्या चार घरांना भरावा लागतो.