ययातीमधला तप्त वायू आणि वातावरणाचा पडदा

क्ष-किरण आपल्या हातातून आरपार जातात, मग ते हवेतून का जाऊ नयेत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर हवेच्या जाडीत आहे. आपल्या डोक्यावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोग्रॅम हवा असते, म्हणजे दहा मीटर खोल पाण्याइतके द्रव्य. अवकाशातून आलेला क्ष-किरणाचा कण नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणूवर आदळला की आपली सारी ऊर्जा त्यातील एका इलेक्ट्रॉनला देऊन स्वतः नाहीसा होतो. ऊर्जा जितकी कमी, तितके हे शोषण तीव्र. दहा किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे किरण बलूनच्या उंचीपर्यंतही पोहोचत नाहीत.

म्हणून या शास्त्राची सुरुवात रॉकेटने झाली. 18 जून 1962 रोजी रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांचे एरोबी रॉकेट सुमारे सव्वादोनशे किलोमीटर उंच गेले. निरीक्षणाला मिळाली जेमतेम सहा मिनिटे. तेवढ्यात वृश्चिक राशीच्या दिशेने सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनचा मार्ग धरला. चाळीस किलोमीटर उंचीवर वीस किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण टिपता येतात आणि तिथे राहायला मिनिटे नव्हे, तास मिळतात. हा मार्ग उपयुक्त खरा, पण दीर्घिकासमूहांच्या बाबतीत तो फारसा पुढे नेणारा नव्हता. त्यांचा क्ष-किरण प्रकाश मुख्यतः दहा किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचा असतो. नेमका हवा गिळून टाकते तोच भाग. त्यासाठी उपग्रहच हवा होता.

12 डिसेंबर 1970 रोजी केनियाच्या किनाऱ्यालगतच्या सान मार्को तळावरून उहुरू उपग्रह निघाला. दीर्घिकासमूहांतून येणारे क्ष-किरण एखाद्या दीर्घिकेतून नव्हे, तर लाखो प्रकाशवर्षे पसरलेल्या प्रदेशातून येतात, असे त्याने दाखवले. पण ते कशामुळे? अतितप्त वायू हे एक स्पष्टीकरण होते. दुसरे असे, की जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन क्षीण प्रकाशकणांना धडकून त्यांची ऊर्जा वाढवत असावेत. नुसत्या चित्रावरून निवाडा होईना.

तो निवाडा 1976 मध्ये ययाती समूहाने दिला. सुमारे चोवीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या या समूहाच्या वर्णपटात ब्रिटनच्या एरियल-5 उपग्रहाला सात किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक उंचवटा दिसला. ही लोहाची रेषा होती. तीही साध्या लोहाची नव्हे; मूळच्या सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेक गमावून एखाददुसराच उरलेल्या लोहाची. असे लोह काही कोटी अंश तापमानाच्या वायूतच असू शकते, आणि वेगवान इलेक्ट्रॉनांच्या कल्पनेतून अशी रेषा निघतच नाही. शिवाय लोह ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार होते. तेव्हा हा वायू केवळ विश्वारंभीचा उरलेला साठा नाही. दीर्घिकांमधून बाहेर फेकलेले द्रव्य त्यात मिसळलेले आहे.

या वायूचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या कितीतरी पट भरते. आणि एवढा तापलेला वायू उडून का जात नाही? त्याला धरून ठेवण्यास किती गुरुत्वाकर्षण लागेल, हे त्याच्या तापमानावरून आणि घनतेवरून काढता येते. ते तारे आणि वायू मिळूनही पुरत नाही. राहिलेला मोठा वाटा कृष्णद्रव्याचा. मात्र या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: वायू शांत आहे. तो जोराने घुसळत असेल, तर त्या हालचालीचाही दाब धरावा लागेल आणि वजन चुकेल.

ययातीबाबत ही शंका रास्तच होती. त्याच्या मध्यभागी एनजीसी 1275 ही दीर्घिका आहे, आणि तिच्यातील कृष्णविवराने वायूत फुगवलेली प्रचंड पोकळ्यांची जागा क्ष-किरण चित्रांत स्पष्ट दिसते. फेब्रुवारी 2016 मध्ये सुटलेल्या जपानच्या हितोमी उपग्रहाने लोहाच्या त्याच रेषांची रुंदी अत्यंत बारकाईने मोजली. वायू घुसळत असेल तितकी रेषा रुंदावते. वेग निघाला सेकंदाला सुमारे 164 किलोमीटर. ऐकायला तो मोठा वाटतो, पण घुसळणीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या काही टक्केच भरला. निदान ययातीच्या गाभ्यापुरता तरी वजनाचा हिशेब भरवशाचा ठरला. मार्च संपण्याआधीच दिशानियंत्रणाच्या चुकीमुळे हितोमी गरगर फिरून तुटला.

त्याचा वारसदार एक्सरिझम सप्टेंबर 2023 पासून कक्षेत आहे. त्याच्या मुख्य शोधकासमोरचे संरक्षक झाकण मात्र उघडलेले नाही. त्यातील बेरिलियमची पातळ खिडकी अंदाजे 1.7 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचे किरण अडवते. लोहाच्या रेषा त्यातून सहज पार होतात, त्यामुळे वायूचे वेग मोजण्याचे काम चालू आहे. ऑक्सिजनच्या रेषा मात्र त्या शोधकाला दिसत नाहीत.